दातांवरचा तपकिरी पट्टा म्हणजे म्हातारपण नव्हे

डॉक्टरताई, नमस्कार. आमच्या सोसायटीत महिन्याभरापूर्वी एक गावठी कुत्री आली. रंगाने तांबूस, म्हणून मुलं तिला तांबी म्हणतात. बरगड्या दिसतात, तोंडाभोवती पांढरे केस आहेत, दात तपकिरी आहेत. शेजारचे काका म्हणतात, ‘आठ-नऊ वर्षांची म्हातारी आहे, नसबंदीच्या फंदात पडू नका, भूल झेपायची नाही.’ कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवाल्या मावशी म्हणतात, ‘आत्ता आत्तापर्यंत पिल्लू होती की ती!’ आम्हाला तिला घरी घ्यायचं आहे. चेहऱ्याचा, दातांचा, उभी असतानाचा आणि रात्रीचा असे चार फोटो पाठवतेय. रात्रीच्या फोटोत तिचे डोळे पांढरे दिसतात, मोतीबिंदू असेल का? आमच्या आवारात येणाऱ्या एका गालफुग्या बोक्याचाही फोटो जोडलाय. फोटोवरून वय कसं ओळखायचं?
— एक वाचक, सातारा

नमस्कार. तांबीचं वय मी दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान धरते, आणि त्यातही दोनच्या जवळ. आठ-नऊ वर्षांची ती नाही, हे मी नुसत्या फोटोंवरूनही बऱ्याच खात्रीने सांगते. काकांचा अंदाज चुकलाय, पण ज्या खुणांवरून चुकलाय त्या खुणा खऱ्या आहेत आणि त्यांचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. फोटोवरून वय काढताना एकेका खुणेकडून थेट आकडा मागायचा नसतो. प्रत्येक खूण दोनपैकी एकच गोष्ट सांगते: ‘एवढ्याहून लहान नाही’ किंवा ‘एवढ्याहून मोठी नाही’. अशा खालच्या आणि वरच्या मर्यादा जमवत गेलं की मधे जी जागा उरते ते वय. आणि या खुणांचं वजन सारखं नसतं. तरुण कुत्रं म्हातारं दिसावं अशी कारणं रस्त्यावर पुष्कळ आहेत: उपासमार, जंत, खरूज, गोचीड ताप, सततचं ऊन. म्हातारं कुत्रं तरुण दिसावं अशी कारणं फार थोडी. म्हणून दोन खुणा एकमेकींच्या विरोधात बोलायला लागल्या तर मी तरुणपणाच्या खुणेच्या बाजूने उभी राहते, फक्त ती खूण एकदा गेली की परत न येणारी हवी. अंगावर मांस पुन्हा चढतं, केस पुन्हा येतात. दाताचा झिजलेला कंगोरा पुन्हा येत नाही.

म्हणून सुरुवात दातांपासून.

सात महिन्यांच्या आतलं पिल्लू असतं तर मी तुम्हाला जवळपास आठवड्यांच्या हिशोबात वय सांगितलं असतं. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि सुईसारखे टोकदार असतात. पुढचे छोटे दात तीन ते पाच महिन्यांत बदलतात, सुळे पाच-सहा महिन्यांत, शेवटच्या दाढा सहा-सात महिन्यांत. सात महिन्यांच्या कुत्र्याच्या तोंडात सगळे 42 पक्के दात असतात. हे वेळापत्रक गावठी असो, लॅब्राडोर असो, फारसं हलत नाही. तांबीच्या फोटोत सुळे पूर्ण वाढलेले आहेत आणि मागच्या दाढाही दिसतात, म्हणजे सात महिन्यांच्या खाली ती नाही. ही पहिली खालची मर्यादा.

आता तुमचा दुसरा फोटो मोठा करून बघा, ज्यात ओठ वर उचललाय. वरच्या जबड्यात सुळ्यांच्या मधे सहा छोटे दात आहेत, खाली सहा. कुत्र्याचा पुढचा दात नवा असतो तेव्हा त्याच्या कडेला तीन उंचवटे असतात, मधला मोठा आणि दोन्ही बाजूंना छोटे. चावून, कुरतडून, गोचिडी ओरबाडून हे उंचवटे झिजतात, आणि साधारण एका क्रमाने झिजतात: आधी खालच्या जबड्यातले मधले दोन, मग त्यांच्या शेजारचे, मग वरचे मधले, मग वरचे शेजारचे. जुन्या पाठ्यपुस्तकांत खालच्या मधल्या जोडीला दीड वर्ष, तिच्या शेजारच्यांना अडीच, वरच्या मधल्यांना साडेतीन, त्यांच्या शेजारच्यांना साडेचार असे आकडे दिलेले असतात. प्रत्यक्षात कुत्रं या तक्त्याच्या वर्षभर पुढे-मागे सहज असतं, पण क्रम बहुतेक वेळा तोच राहतो.

तांबीच्या फोटोत खालच्या मधल्या दोन दातांची कड सपाट झालेली दिसते. त्यांच्या शेजारच्या जोडीत मधला उंचवटा अजून आहे, नुसता बोथट झालाय. आणि वरचे मधले दोन दात बघा, तिन्ही उंचवटे स्पष्ट मोजता येतात. आठ-नऊ वर्षांच्या गावठी कुत्रीत हे मला दिसणार नाही. त्या वयात पुढचे दात आखूड, सपाट, कधी नुसते खुंट राहिलेले असतात, एखाद-दुसरा पडलेलाही असतो. तांबीचे वरचे दात ही आपली सगळ्यात भक्कम वरची मर्यादा आहे आणि ती साधारण तीन-साडेतीन वर्षांवर येऊन थांबते.

या खुणेची फसगत कुठे होते तेही सांगते, कारण तुम्ही पुढे आणखी कुत्र्यांचे दात बघालच. पग, शिह त्झू अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत वरचे-खालचे दात एकमेकांवर येतच नाहीत, त्यामुळे उंचवटे वर्षानुवर्षं टिकतात. जन्मभर मऊ भात आणि पाकिटातलं ओलं अन्न खाणाऱ्या छोट्या कुत्र्याचेही टिकतात. त्यांच्या बाबतीत दात तरुण दिसले म्हणून वय कमी धरू नका. उलट पिंजऱ्याच्या जाळीला किंवा साखळीला चावणाऱ्या, दगड तोंडात घेऊन खेळणाऱ्या, पिसवांच्या खाजेने स्वतःचं अंग कुरतडत बसणाऱ्या कुत्र्याचे पुढचे दात तीन वर्षांतच सपाट होतात. रस्त्यावरच्या कुत्र्यात झीज लवकर होते, उशिरा नाही. तांबी रस्त्यावर वाढूनही तिचे उंचवटे शाबूत आहेत, म्हणून मला ते जास्त पटतात.

आता तो तपकिरी रंग, ज्यावरून सगळा घोळ झाला.

म्हातारपणाचं किटण कसं बसतं ते आधी सांगते. ते हिरडीच्या कडेपासून सुरू होतं आणि खाली दाताच्या टोकाकडे सरकतं. ते सगळ्यात जास्त बसतं वरच्या मोठ्या दाढेच्या बाहेरच्या बाजूला, कारण लाळेच्या एका मोठ्या ग्रंथीचं तोंड तिथेच उघडतं. त्यानंतर सुळ्यांवर. पुढचे छोटे दात त्या मानाने स्वच्छ राहतात. किटण दाताच्या वर चढलेला थर असतो, त्याला जाडी असते.

तांबीच्या दातांवर नेमकं उलटं आहे. हिरडीजवळचा भाग पांढरा आहे आणि तपकिरी रंग दाताच्या मधोमध, आडव्या पट्ट्यासारखा आहे. तो पुढच्या दातांवर आहे, सुळ्यांवर आहे, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या उंचीवर आहे. सुळ्यावर तर त्या जागी बारीक खड्डे दिसतात, दात तिथे खरवडल्यासारखा दिसतो. हा थर चढलेला नाही. तिथे दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, मुळात तयारच झालेलं नाही, आणि उघड्या पडलेल्या आतल्या भागावर डाग बसलाय.

हे होतं पिल्लूपणी. पक्क्या दातांचं एनॅमल हिरडीच्या आत तयार होत असतं, दात बाहेर दिसण्याच्या बरंच आधी, पिल्लू पहिल्या तीन-चार महिन्यांचं असताना. त्या काळात डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार झाला, किंवा बरेच दिवस मोठा ताप राहिला, तर एनॅमल बनवणाऱ्या पेशी मरतात किंवा काम थांबवतात. ताप उतरला की काम पुन्हा सुरू होतं. जेवढे दिवस काम बंद होतं तेवढा पट्टा प्रत्येक दातावर कोरा राहतो, आणि एनॅमल एकदा बनून गेलं की पुन्हा बनत नाही, म्हणून ती खूण जन्मभर राहते. लस न मिळालेल्या आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत असे दात मी सतत बघते, आणि दर वेळी लोक त्यांना ‘म्हातारी’ म्हणून मोकळे होतात. खरं तर या पट्ट्यावरून वयाबद्दल काहीच कळत नाही. वर्षाच्या कुत्रीलाही असा पट्टा असतो, दहा वर्षांच्याही. कळतं एवढंच की तांबी लहानपणी एका मोठ्या आजारातून वाचली आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, असे दात कमकुवत असतात आणि नेहमीपेक्षा लवकर झिजतात. म्हणजे खालच्या मधल्या जोडीच्या झिजेवरून जे वय निघतं, त्यापेक्षा तिचं खरं वय थोडं कमीच असू शकेल. दुसरी गोष्ट रोजच्या व्यवहाराची: तिला मटणाची हाडं किंवा कडक चघळायच्या वस्तू देऊ नका. दात तुटेल आणि मग मुळाशी पू होईल.

किटणही आहे, पण थोडं. वरच्या मोठ्या दाढेवर हिरडीला लागून एक पिवळट रेघ दिसते, हिरडी मात्र गुलाबी आणि घट्ट आहे. वर्षाच्या आत ही रेघ सहसा नसते. रस्त्यावरच्या कुत्र्यात दोन वर्षांच्या आसपास ती दिसायला लागते. पण किटणावर मी फार भार टाकत नाही. छोट्या जातींत ते तिसऱ्या वर्षीच दाढ झाकून टाकतं, आणि एकदा दवाखान्यात दात साफ केले की सात वर्षांच्या कुत्र्याची दाढही पांढरी शुभ्र दिसते.

चेहऱ्यावरच्या पांढऱ्या केसांकडे येऊ. पहिला फोटो बघताना मी केसांची सरमिसळ शोधते. वयाने येणारा पांढरेपणा हनुवटी आणि ओठांपासून सुरू होतो, रंगीत केसांत एकेक पांढरा केस मिसळत जातो, मग तो नाकाच्या दांड्यावर चढतो आणि पुढे भुवयांपर्यंत, डोळ्यांभोवती पोहोचतो. त्याला कड नसते. जन्मजात पांढऱ्या ठिपक्याला कड असते. तांबीच्या नाकाच्या बाजूचा पांढरा भाग कडेला स्वच्छ संपतो, तो जन्मापासूनचा आहे. टपरीवाल्या मावशींना विचारा, त्यांनाही तो आठवेल. खरे वयाचे म्हणावेत असे पांढरे केस तिच्या हनुवटीवर आहेत, थोडेसे. आणि एवढ्याशा केसांवरून म्हातारपण ठरत नाही. एक ते चार वर्षांच्या चारशे कुत्र्यांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जी कुत्री जास्त घाबरट आणि अस्वस्थ होती त्यांच्या तोंडावरचे केस तरुणपणीच जास्त पिकलेले आढळले. मोठ्या आवाजाला आणि अनोळखी माणसाला दचकत जगणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्रीच्या हनुवटीवर दोन वर्षांत चार केस पिकले तर नवल नाही.

डोळ्यांबद्दल तुम्ही काळजीने विचारलंय, तर आधी ती काळजी सोडा. रात्रीच्या फोटोतली पांढरी-हिरवी चमक मोतीबिंदूची नाही. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्याच्या मागच्या भागात प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, अंधारात त्यांना कमी उजेडात दिसावं म्हणून. फ्लॅश त्यावर आपटतो आणि सरळ कॅमेऱ्यात परत येतो. फ्लॅश मारून काढलेल्या कुठल्याही फोटोवरून डोळ्याबद्दल काही ठरवू नका. तुमचा दिवसाचा चेहऱ्याचा फोटो त्यासाठी जास्त कामाचा आहे आणि त्यात तिच्या बाहुल्या काळ्याभोर आहेत.

वयाने कुत्र्याच्या डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं आणि बाहुलीत निळसर धुरकट झाक दिसायला लागते. साधारण सहा-सात वर्षांनंतर ती सुरू होते आणि त्याच्या पुढच्या वयात बहुतेक कुत्र्यांत दिसते. लोक तिलाच मोतीबिंदू म्हणतात. या निळसर झाकेतून कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असतं. मोतीबिंदू मात्र चुन्यासारखा पांढरा आणि आरपार न दिसणारा असतो, तो मधुमेहाने किंवा मार लागूनही होतो, अगदी तरुण कुत्र्यालाही. म्हणून वयासाठी मी निळसर झाक बघते, पांढरा ठिपका नाही. तांबीच्या बाबतीत झाक नसणं आठ-नऊ वर्षांच्या अंदाजाला आणखी एक धक्का देतं. फोटोत ती हलकी असेल तर निसटू शकते, म्हणून ही वरची मर्यादा दातांएवढी भक्कम नाही, पण त्याच दिशेने बोलते.

शरीराच्या फोटोतून मला वयापेक्षा तब्येत जास्त दिसते. बरगड्या मोजता येतात, कंबरेची हाडं वर आलीत, कानशिलांवर खोलगे आहेत. हे खोलगे चेहऱ्याला म्हातारा करतात, आणि म्हाताऱ्या कुत्र्यात ते असतातही. पण उपाशी तरुण कुत्रीतही कानशिलांचे स्नायू असेच आटतात. केस राठ आहेत, पाठीवर उन्हाने फिक्कट झालेत. कोपरांवर घट्टे आहेत, तेही सिमेंटवर झोपणाऱ्या कुठल्याही कुत्र्याला लवकर येतात. यातलं काहीही वयाच्या हिशोबात धरू नका. दोन-तीन महिने पोटभर अन्न, जंताचं औषध आणि गोचिडींचा बंदोबस्त झाला की हा सगळा भाग बदलेल.

त्याच फोटोत एक खूण मात्र फार उपयोगाची आहे. पोटाखालची तिची स्तनाग्रं लांब आणि लोंबलेली दिसतात, मागच्या जोड्या जास्त. पिल्लं न झालेल्या कुत्रीची स्तनाग्रं चपटी, पोटाला चिकटून असतात. तांबीला किमान एकदा पिल्लं झाली आहेत आणि ती दूध प्यायली आहेत. गावठी कुत्री पहिल्यांदा माजावर येते सहा महिने ते वर्षभरात, गर्भ राहतो 63 दिवसांच्या आसपास, आणि पुढे दीड-दोन महिने पिल्लं दूध पितात. सगळं लवकरात लवकर धरलं तरी हे साडेनऊ-दहा महिन्यांच्या आत बसत नाही. सात महिन्यांची खालची मर्यादा अशी दहा महिन्यांवर सरकते. तिच्या कानाला खाच नाही, तेव्हा ती अजून महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नसबंदीत गेलेली नाही. खाच असती तर तीही खालची मर्यादा ठरली असती, कारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना सहसा शस्त्रक्रियेला घेत नाहीत.

आता जुळवून बघा. स्तनाग्रं म्हणतात, दहा महिन्यांच्या खाली नाही. दाढेवरची रेघ आणि खालच्या मधल्या दोन दातांची झीज म्हणते, बहुधा दीडच्या पुढे. वरचे शाबूत दात म्हणतात, तीन-साडेतीनच्या वर नाही. काळ्या बाहुल्या त्याला दुजोरा देतात. कमकुवत एनॅमलमुळे झीज लवकर झाली असणार, म्हणून मी खालच्या बाजूला झुकते. दोन वर्षं.

टपरीवाल्या मावशींचं म्हणणं याच्याशी जुळतं, आणि त्यांच्याकडून अजून नेमकं काढता येईल. ‘किती महिने झाले’ असं विचारलं की माणसं गोंधळतात. ‘पिल्लू होती तेव्हा गणपती होते की दिवाळी? पाऊस लागला होता का? त्या वर्षी तुमची मुलगी कितवीत होती?’ असं विचारा. आपल्याकडे रस्त्यावर पिल्लं पावसाळा संपता संपता आणि थंडीत जास्त दिसतात, तेव्हा दिवाळीच्या आसपासचं उत्तर आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. पिल्लाला रोज बघणाऱ्या माणसाची आठवण कुठल्याही फोटोपेक्षा सरस असते.

दातांचा फोटो परत काढायची गरज नाही, पण पुढे कुणाला काढायचा असेल तर नीट काढा. कुत्रं तुमच्या हाताला रुळलेलं असेल तरच. दुपारच्या आधी खिडकीपाशी किंवा व्हरांड्यात, फ्लॅश बंद. तोंड उघडायला जाऊ नका, त्याची गरजच नसते. तोंड मिटलेलं असतानाच एका बोटाने वरचा ओठ बाजूने वर उचलायचा की सुळा आणि मोठी दाढ दोन्ही दिसतात, मग समोरून उचलायचा की पुढचे बारा दात दिसतात. एकाने उचलायचं, दुसऱ्याने फोटो काढायचा. कान मागे घेतले, अंग ताठ केलं किंवा गुरगुर ऐकू आली तर तिथेच थांबा. आणि लस न झालेल्या कुत्र्याचा दात लागला, अगदी ओरखडाच असला, तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करायची.

नसबंदीचं म्हणाल तर भूल झेपेल की नाही हे तिच्या वयावर अडलेलं नाही. आठ वर्षांच्या निरोगी कुत्रीला भूल देतात आणि दोन वर्षांच्या गोचीड ताप असलेल्या कुत्रीला देत नाहीत. तांबी बारीक आहे, तिच्या कानाच्या कडेला फोटोतही दोन गोचिडी दिसतायत. म्हणून आधी रक्ताची तपासणी करून घ्या, त्यात हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स आवर्जून बघायला सांगा. प्लेटलेट्स कमी असताना पोट उघडलं तर रक्त थांबत नाही, काकांनी खरी भीती घालायला हवी होती ती याची. गोचीड ताप निघाला तर आधी त्याचा उपचार, मग वजन वाढू द्या, मग शस्त्रक्रिया. रेबीजची लस तब्येत ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की लगेच. आणि डिस्टेंपर लहानपणी होऊन गेला असावा असा माझा अंदाज असला, तरी त्या भरवशावर बाकीच्या आजारांची एकत्रित लस चुकवू नका. डॉक्टर तिच्या कार्डावर वय लिहितील तेव्हा ‘अंदाजे’ हा शब्द आणि त्या दिवसाची तारीख दोन्ही लिहून घ्या. नाहीतर चार वर्षांनीही कार्ड ‘दोन वर्षे’च म्हणत राहतं.

बोक्याबद्दल थोडक्यात, कारण मांजराचा फोटो कुत्र्याएवढं बोलत नाही. पिल्लाचं वय मांजरातही दातांवरून नीट कळतं: साडेतीन-चार महिन्यांत पुढचे दात बदलतात आणि सहा महिन्यांत सगळे तीस पक्के दात येतात. पण मोठ्या मांजरात पुढचे दात तांदळाच्या दाण्याएवढे असतात, कुत्र्यासारखी क्रमाने झीज होत नाही, आणि हिरड्यांचे आजार तरुण वयातच दात घेऊन जातात. तुमच्या बोक्याचे फुगलेले गाल आणि जाड मान वयाचं लक्षण नाही. ते नर संप्रेरकाचं काम आहे, नसबंदी न झालेल्या बोक्यात एक-दोन वर्षांनंतर गाल असे भरतात. फाटलेला कान आणि नाकावरचे ओरखडे मारामाऱ्यांचे आहेत. त्याच्या एका डोळ्यात बुबुळाच्या रंगात तपकिरी ठिपके दिसतात, असे ठिपके वय वाढेल तसे वाढतात, पण कुठल्या वर्षी किती याला नियम नाही. फोटोत तोंड मिटलेलं आहे. एवढ्यावरून मी ‘दोन वर्षांच्या वर’ एवढंच म्हणेन. तो जांभई देत असताना एक फोटो मिळाला तर पाठवा, सुळ्यांचा रंग आणि हिरड्या दिसल्या तर अजून थोडं सांगता येईल. आणि तो एक ठिपका मोठा होतोय किंवा उंचवट्यासारखा वर आलाय असं वाटलं तर वयाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना डोळा दाखवा.